जादा गेलेले 41,600 रुपये आणि 1,734 चा हप्ता: एका पगारवसुलीचं प्रकरण

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंगवर मशीनिंग करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. तिथल्या एका सीएनसी सेटर-ऑपरेटरच्या हातात एक दिवस अकाउंट्सचं पत्र पडलं. रात्रपाळी भत्त्यापोटी आपणास 44,200 रुपये जादा अदा झाले असून सदर रक्कम आगामी वेतनातून वसूल करण्यात येईल, असा मजकूर होता. या माणसाचा सगळे भत्ते धरून महिन्याचा पगार 31,000 रुपये. म्हणजे पत्रातलं वाक्य अक्षरशः पाळलं असतं तर पुढच्या महिन्यात पगार शून्य होऊन वर देणं उरलं असतं.

अशा तक्रारी हाताळताना मी आधी पगारपत्रक मागवतो आणि कायद्याचं पुस्तक नंतर उघडतो. इथेही तेच केलं, आणि त्याचा उपयोग झाला.

चूक कुठे झाली आणि किती रुपयांची

ऑपरेटर आधी कायम रात्रपाळीला होता. त्याबद्दल महिना 2,600 रुपये भत्ता मिळायचा. पुढे त्याला जनरल शिफ्टला घेतलं, पण पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हा भत्ता हजेरीला जोडलेलाच नव्हता. सॉफ्टवेअरमधल्या कर्मचाऱ्याच्या कायम नोंदीत, म्हणजे मास्टरमध्ये, तो ‘निश्चित भत्ता’ म्हणून भरलेला होता. मस्टरवर पाळी बदलली, मास्टरमध्ये कुणी हात लावला नाही आणि 2,600 रुपये दर महिन्याला जात राहिले.

ऑपरेटरच्या लक्षात कसं आलं नाही, हा अकाउंट्सचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर त्याच्या पेस्लिपमध्येच होतं. पाळी बदलली त्याच महिन्यापासून पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता सुरू झाला होता. हातात पडणारी रक्कम आधीपेक्षा बरीच कमी दिसत होती. कमी पगार आला म्हटल्यावर त्यात काहीतरी जास्त आहे अशी शंका कुणाला येणार? त्यावर ओव्हरटाइममुळे दर महिन्याचा आकडा हलता. तो म्हणाला तेही खरंच होतं: “साहेब, मी काय मागायला आलो न्हवतो. तुम्हीच घातलं खात्यावर, आता तुम्हीच चोर ठरवताय.” पत्राची भाषा बदला, हे मी त्याच दिवशी सांगितलं. जादा रक्कम कुणाच्या चुकीमुळे गेली हे पत्रात स्पष्ट लिहिलं की पुढची अर्धी भांडणं होत नाहीत.

आता रक्कम. 44,200 म्हणजे 17 महिने गुणिले 2,600. अकाउंट्सने पाळी बदलल्याच्या तारखेपासून सरळ महिने मोजले होते. मस्टर काढल्यावर दिसलं की त्या 17 पैकी एक महिना तो पूर्ण रात्रपाळीलाच होता. दुसरा ऑपरेटर आजारी असल्यामुळे त्याला बदली म्हणून पाठवलं होतं. त्या महिन्याचे 2,600 त्याच्या हक्काचे. म्हणून खरी जादा रक्कम 16 महिन्यांची, 41,600 रुपये.

इथे अजून एक गोष्ट तपासावी लागते, ती बहुतेक ठिकाणी राहून जाते. जादा दिलेले 2,600 पूर्ण त्याच्या हातात पडले होते का? भविष्य निर्वाह निधी त्याचा 15,000 रुपयांच्या मर्यादेवर कापला जात होता, म्हणजे 1,800 रुपये. भत्त्यामुळे त्यात फरक पडला नाही. व्यवसाय कर 200 रुपयेच राहिला. राज्य विमा त्याला लागू नव्हता आणि एवढ्या उत्पन्नावर आयकरही बसत नव्हता. त्यामुळे दिलेले आणि हातात पडलेले सारखेच. हे असं नसतं, जादा रकमेवर फंड किंवा कर कापला गेला असता, तर कामगाराकडून फक्त हातात पडलेलीच रक्कम परत मागणं योग्य. बाकीचा हिशेब मालकाने त्या त्या खात्याकडे करायचा.

50 टक्के ही कमाल मर्यादा आहे

देशात वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्या कलम 18 मध्ये पगारातून कोणत्या कपाती करता येतात त्याची यादी आहे, आणि जादा दिलेल्या वेतनाची वसुली त्या यादीत बसते. त्याच कलमात पुढे अट आहे की एका वेतन कालावधीत या सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. त्यापुढची रक्कम बुडत नाही, ती पुढे वसूल होऊ शकते. पण त्या महिन्यात ती रेष ओलांडायची नाही. घरभाडे, प्रवास भत्ता आणि ओव्हरटाइम हे एरवी संहितेच्या वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले असले तरी वेतन अदा करण्याच्या प्रकरणापुरते मोजले जातात. म्हणून इथे 31,000 धरणं बरोबर.

जुन्या माणसांच्या डोक्यात अजून ‘75 टक्के’ हा आकडा बसलेला असतो. तो 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातला. सहकारी संस्थांची देणी असतील तर तिथे मर्यादा 75 टक्क्यांपर्यंत जायची, एरवी 50. शिवाय तो कायदा महिना 24,000 रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता, म्हणजे आपला ऑपरेटर त्यात बसलाच नसता. नव्या संहितेत ही पगाराची मर्यादा नाही आणि सहकारी संस्थेसाठी वेगळी सवलतही नाही. कारखान्याच्या अकाउंट्सचा सगळा हिशेब आधी 75 वर चालला होता. तो तिथेच थांबवला.

मग त्यांनी दुसरा प्रस्ताव आणला. ऑपरेटरच्या चालू कपाती अशा: फंड 1,800, व्यवसाय कर 200, पतसंस्था 7,400, कँटीन 600. एकूण 10,000. हातात 21,000. पन्नास टक्के म्हणजे 15,500, तेव्हा अजून 5,500 कापायला जागा आहे. 41,600 ला 8 ने भागलं की बरोबर 5,200. आठ समान हप्ते, हातात 15,800, कायद्याच्या आत. कागदावर हिशेब नीट बसलेला होता आणि अकाउंट्सच्या साहेबांना तो आवडलाही होता.

तो पूर्ण हजेरीच्या महिन्यापुरताच बसलेला होता. हप्ता समान ठेवायचा म्हणता, पण पगार कुठे समान असतो? या माणसाची घरची ऊसशेती आहे. जानेवारीत तोड आली की आणि जूनमध्ये पेरणीला तो बिनपगारी रजा टाकतो. मागच्या जूनमध्ये 4 दिवस होते. महिन्याचे 30 दिवस धरले तर 4,133 रुपये गेले आणि कमाई 26,867 वर आली. फंड मात्र 1,800 च राहिला, कारण मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 22,000 आहेत आणि चार दिवस वजा होऊनही ते 15,000 च्या वरच राहतात. पतसंस्थेला रजेशी देणंघेणं नाही, तिचे 7,400 ठरलेले. जूनमध्ये कामगार कल्याण निधीचे 25 रुपये आणखी. 10,025 आणि वर 5,200 कापले असते तर हातात 11,642 पडले असते. 26,867 चे निम्मे 13,433. म्हणजे आठपैकी एक हप्ता तरी सुमारे 1,800 रुपयांनी रेषेखाली गेला असता. गैरहजेरीची रक्कमही कपातच धरायची आणि 31,000 वर 50 टक्के काढायचे असं म्हटलं तर तूट आणखी मोठी दिसते. कुठूनही मोजा, हप्ता बसत नाही.

समान हप्त्यांच्या वसुलीत बहुतेक घोटाळे इथेच होतात. हप्ता ठरवताना भरलेला महिना समोर धरतात, आणि तो मोडतो रोडक्या महिन्यात.

राखीव वाटा किती

कायद्याने 50 टक्के कापता येतात याचा अर्थ तेवढे कापलेच पाहिजेत असा होत नाही. चूक कारखान्याची असताना कामगाराचा पगार कायद्याच्या काठापर्यंत नेणं मला पटत नव्हतं, आणि युनियनच्या प्रतिनिधीला तर अजिबात नाही. त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 चा दाखला दिला. कर्जदाराच्या पगारावर कोर्टाची जप्ती येते तेव्हासुद्धा पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. “कोर्टात हरलेल्या माणसाला दोन तृतीयांश, आणि आमच्या माणसाला निम्मा?” हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पोटगीच्या वसुलीला ही सूट वेगळी आहे, पण इथे पोटगीचा प्रश्न नव्हता.

दोन तृतीयांशाचं गणित मात्र चालत नव्हतं. 31,000 चे दोन तृतीयांश 20,667. ऑपरेटरच्या हातात आधीच 21,000 पडत होते. म्हणजे वसुलीला महिना 333 रुपये जागा, आणि 41,600 फिटायला सव्वाशे महिने. दहा वर्षं चालणारी वसुली कुणालाच नको होती, ऑपरेटरलाही नाही. त्याचं म्हणणं होतं की डोक्यावर बाकी लटकत ठेवू नका, पण घर चालू द्या.

शेवटी 60 टक्क्यांवर एकमत झालं. कोणत्याही महिन्यात, त्या महिन्याच्या प्रत्यक्ष कमाईच्या 60 टक्क्यांपेक्षा कमी रक्कम हातात पडणार नाही. ‘त्या महिन्याच्या प्रत्यक्ष कमाईच्या’ हे शब्द करारात मी आग्रहाने घातले. 31,000 च्या 60 टक्के असं लिहिलं असतं तर 18,600 हा आकडा कायमचा बसला असता, आणि रजेच्या महिन्यात वसुली बहुधा शून्यावर आली असती. उलट हातात पडणाऱ्या रकमेवर टक्के काढले असते तर राखीव वाट्याला अर्थच राहिला नसता, कारण आधीच्या कपातींनी तो आपोआप खाली ओढला गेला असता.

पूर्ण हजेरीच्या महिन्यात कमाई 31,000, राखीव 18,600, हातात 21,000. जागा 2,400. फेब्रुवारीत व्यवसाय कर 200 ऐवजी 300 असतो, तेव्हा जागा 2,300. जून आणि डिसेंबरमध्ये कल्याण निधीमुळे 2,375.

हप्ते 20 की 24

20 हप्ते केले तर 2,080 रुपये. पूर्ण महिन्यात ते बसतात, फेब्रुवारीतही बसतात. पण एक दिवस बिनपगारी रजा झाली की कमाई 29,967 होते आणि जागा 1,986 वर येते. हप्ता लगेच अडतो. या माणसाची एकेक दिवसाची रजा वर्षातून बऱ्याचदा होते. म्हणजे समान हप्ता म्हणायचं आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो कमी करायचा, असा प्रकार झाला असता.

24 हप्त्यांत 1,734 रुपये पडतात. एक दिवसाच्या रजेच्या महिन्यात तो हप्ता आरामात निघतो. दोन दिवसांना जागा 1,573 होते, तिथे मात्र अडतो. 26 हप्ते करून 1,600 घेतले तरी दोन दिवसांना अडतोच, फक्त 27 रुपयांनी. तेवढ्यासाठी दोन महिने लांबवण्यात अर्थ नव्हता. 24 ठरले.

या आकड्याला सरकारी नोकरीच्या बाजूने एक आधारही होता. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी पाच परिस्थिती सांगितल्या, ज्यांत जादा दिलेला पगार परत घेता येत नाही. वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि वसुलीच्या आदेशाच्या पाच वर्षांहून आधीपासून दिली गेलेली जादा रक्कम, ही त्यातली सर्वांत वापरली जाणारी उदाहरणं. पुढे 29 जुलै 2016 ला जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने वेगळं सांगितलं: जादा आढळल्यास परत करीन असं वचनपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली होऊ शकते, पण ती दोन वर्षांत समान मासिक हप्त्यांनी करा. महाराष्ट्रातले शिक्षक आणि शासकीय कर्मचारी ज्याला अतिप्रदान म्हणतात त्या प्रकरणांत हे दोन निकाल सतत समोर येतात. शिरोलीचा कारखाना खाजगी. रफिक मसीहचा निकाल तिथे सरळ लावता येत नाही. तरी दोन वर्षं हा न्यायालयाला वाजवी वाटलेला कालावधी आहे, एवढं अकाउंट्सच्या साहेबांना दाखवल्यावर आठ हप्त्यांचा आग्रह गळून पडला.

24 ने 41,600 ला नेमका भाग जात नाही. म्हणून 23 हप्ते 1,734 चे, त्यांचे 39,882, आणि शेवटचा 1,718 चा. पैशांमधले हप्ते पाडू नयेत. पतसंस्थेच्या आणि पगाराच्या हिशेबात शेवटी कुठेतरी एक रुपया हरवतो आणि त्यासाठी कुणीतरी तासभर बसतो.

रोडक्या महिन्याचा नियम

आता मुख्य कलम. एखाद्या महिन्यात 1,734 कापल्याने हातातली रक्कम 60 टक्क्यांखाली जात असेल तर तेवढाच हप्ता घ्यायचा जेवढ्याला जागा आहे. राहिलेली रक्कम पुढच्या महिन्यावर चढवायची नाही. ती सगळ्यात शेवटी, चोविसाव्या हप्त्यानंतर जाईल.

शेवटी का, पुढच्या महिन्यात का नाही, यावर बैठकीत बराच वेळ गेला. अकाउंट्सचं म्हणणं होतं की लगेचच्या महिन्यात घेतलं की विषय संपतो. तेव्हा त्यांच्याच मस्टरमधला ऑपरेटरचा जानेवारी घेतला. तीन दिवस बिनपगारी रजा. कमाई 27,900, राखीव 16,740, इतर कपाती जाऊन 17,900. जागा 1,160. घेतले 1,160, राहिले 574. आता ते फेब्रुवारीवर चढवू: 1,734 अधिक 574, म्हणजे 2,308. फेब्रुवारी पूर्ण हजेरीचा, पण व्यवसाय कर 300, म्हणून जागा 2,300. आठ रुपयांनी रेष मोडली! सॉफ्टवेअर ते आठ रुपये मार्चवर टाकणार, मार्चमध्ये एक दिवस रजा झाली तर पुन्हा तेच. सहा महिन्यांनी कुठल्याच दोन पेस्लिपवर हप्ता सारखा दिसत नाही आणि कामगार विचारायला लागतो की नक्की किती कापताय. बाकी शेवटी टाकली की मधला प्रत्येक महिना स्वतःपुरता राहतो. ऊसतोडीचा महिना संपला की हप्ता परत 1,734.

हे सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरत बसण्यापेक्षा एका साध्या एक्सेल पत्रकात ठेवलं. A मध्ये त्या महिन्याची कमाई, B मध्ये वसुली सोडून बाकी सगळ्या कपाती, C मध्ये ठरलेला हप्ता, D मध्ये उरलेली बाकी. हप्त्याचं सूत्र एका ओळीत येतं:

```
=MAX(0,MIN(C2,D2,ROUNDDOWN(A2-B2-0.6*A2,0)))
```

जागा खालच्या पूर्ण रुपयावर आणायची, वरच्या नाही. नाहीतर राखीव वाटा काही पैशांनी मोडतो. MAX(0, …) हा भाग फालतू वाटतो, पण दहा-बारा दिवस रजा झाली तर जागा उणे निघते. तो नसेल तर सूत्र उणे हप्ता दाखवतं आणि कुणीतरी तो आंधळेपणाने पगारात मिळवून टाकतो. हे मी एका ठिकाणी झालेलं पाहिलंय.

सही होण्याआधी मागच्या 24 महिन्यांची हजेरी या पत्रकातून फिरवली, पगार आणि कपाती आजच्या धरून. दोनच महिने अडले. जानेवारीत 574 राहिले. चार दिवसांच्या रजेच्या जूनमध्ये जागा 721 निघाली, तिथे 1,013 राहिले. दोन्ही मिळून 1,587, म्हणजे एक पंचविसावा हप्ता, आणि तोही ठरलेल्यापेक्षा लहान. असा आकडा समोर असला की ‘शेवटी टाकलं तर वसुली अनंतकाळ चालेल’ ही भीती जाते. अडणारे महिने सहा-सात निघाले असते तर हप्ता मोठा ठरलाय असं समजून 24 चे 30 केले असते. हप्ता बरोबर ठरलाय की नाही हे ओळखायला यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

मध्येच नवी कपात आली तर

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी निघाला, आणि तो काढला स्टोअरमधल्या एका जुन्या माणसाने, ज्याला सगळे मामा म्हणतात. तो पतसंस्थेच्या कामकाजातही असतो. “उद्या यानं पतसंस्थेतनं तातडीचं कर्ज काढलं, महिन्याला 1,500 वाढले, मग?” B मध्ये 11,500 आले की जागा 900 वर येते. सूत्र आपोआप 900 च घेणार. म्हणजे कामगार कर्ज काढत राहिला तर कारखान्याची वसुली त्या प्रमाणात मागे जात राहणार.

यावर दोन टोकाचे उपाय सुचले. एक, करारानंतरच्या ऐच्छिक कपाती हिशेबात धरायच्याच नाहीत. पण मग 1,734 आणि 1,500 दोन्ही जाणार आणि हातात 17,766 पडणार, 18,600 च्या खाली. ज्यासाठी एवढी बैठक घेतली ते कलमच निरर्थक. दुसरा, वसुली फिटेपर्यंत पतसंस्थेच्या नव्या कर्जाला कारखान्याने संमतीच द्यायची नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 49 प्रमाणे सभासदाने तसा करार दिला असेल तर संस्थेच्या मागणीनुसार मालकाला पगारातून कपात करून द्यावी लागते. तिथे मालकाने अडून बसणं बरं नाही. शिवाय घरात कुणी दवाखान्यात असेल तर हा माणूस पैसे आणणार कुठून?

करारात गेलं ते असं: नव्या ऐच्छिक कपातीला कारखाना संमती देईल, फक्त ती धरूनही पूर्ण हजेरीच्या महिन्यात 1,734 चा हप्ता आणि 60 टक्के दोन्ही टिकत असतील तर. आजच्या आकड्यांवर त्याचा अर्थ महिना 666 रुपयांपर्यंतची नवी कपात. त्याहून मोठं कर्ज आजारपणासाठी लागलं तर हप्ता तात्पुरता कमी करण्याचा अर्ज कामगाराने द्यायचा आणि नवा हप्ता दोघांनी लेखी ठरवायचा. आपोआप काही होणार नाही. हा भाग मला अजूनही थोडा कच्चा वाटतो, कारण ‘आजारपण’ कोण ठरवणार हे करारात नाही. पण युनियनला ते उघडं ठेवायचं होतं, आणि त्यांचं कारण समजण्यासारखं होतं.

उलट दिशेची हाव अकाउंट्सकडून आली. ओव्हरटाइमच्या महिन्यात कमाई वाढते, जागा वाढते, तेव्हा जास्त कापू. पगारवाढीचा करार झाला की हप्ता वाढवू. दोन्हीला नाही म्हटलं. ठरलेला हप्ता हा वरचा आकडा. जागा कितीही निघाली तरी 1,734 च. ऑपरेटरने स्वतः लेखी मागितलं तरच जास्त घ्यायचे. नाहीतर त्याने जादा पाळी का करावी?

दिवाळीच्या बोनसला हात लावायचा नाही हेही लिहिलं.  त्याला स्वतःहून बोनसमधून एकरकमी भरायचे असतील तर तो रोखपालाकडे भरेल आणि पावती घेईल.

नोकरी सोडली तर काय, याचं कलम लहान आहे. शेवटच्या पगारातून कापायचं ते 50 टक्क्यांच्या मर्यादेतच. राजीनाम्यानंतर देणी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागतात, तेव्हा वसुलीचा हिशेब लागला नाही म्हणून अंतिम पगार अडवून धरता येणार नाही. ग्रॅच्युइटी वेगळी राहील. तरीही बाकी उरली तर ती साधी येणे रक्कम, तिचे हप्ते त्या वेळी लेखी ठरवायचे. व्याज कुठेही नाही.

पेस्लिपवर आता कपातीच्या रकान्यात एक वेगळी ओळ आहे: जादा अदा वसुली, हप्ता क्रमांक, या महिन्यात घेतलेली रक्कम, शेवटी टाकलेली रक्कम, एकूण बाकी. आधी हीच रक्कम ‘इतर कपात’ मध्ये कँटीनच्या 600 रुपयांबरोबर मिसळून दाखवणार होते. तसं केलं असतं तर दोन वर्षांनी वसुली संपल्यावर ती थांबली की नाही, हे कुणालाच कळलं नसतं, आणि मास्टरमध्ये विसरलेल्या भत्त्यासारखीच विसरलेली कपात चालू राहिली असती. म्हणून D रकान्यातली बाकी शून्य झाली की पत्रक स्वतःच हप्ता शून्य करतं. रात्रपाळी भत्ताही आता मास्टरमधून काढून मस्टरवरच्या पाळीला जोडला आहे. तो जोडताना आणखी तीन जणांचे भत्ते चुकीचे निघाले. दोघांना जादा जात होते आणि एकाला सात महिने मिळालेलेच नव्हते. त्या तिसऱ्याचे पैसे हप्त्यांनी नाही, पुढच्याच पगारात एकदम द्यायला लावले.